मालाचे तीन वर्ग आणि त्यांची गणती

वखारीतील प्रत्येक जिन्नस दर आठवड्यास मोजावा असे आम्ही टिळकवाडीतील व्यापारी म्हणतो खरे. पण 40 जिनसा असल्या तर वर्षाकाठी 2,080 गणत्या होतात, आणि त्या कोणी करीत नाही. यावर अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी 1951 साली तोड सुचविली. प्रत्येक जिनसाचा वार्षिक खप खरेदीदराने गुणावा व येणाऱ्या रकमांची उतरती यादी करावी.

समजा, वर्षाचा एकूण खप 50 लाखांचा आहे. तांदूळ 600 क्विंटल, दर 4,000, म्हणजे 24 लाख. तूरडाळ 100 क्विंटल, दर 11,000, म्हणजे 11 लाख. साखर 100 क्विंटल, दर 4,000, म्हणजे 4 लाख. या तीन जिनसांतच 78 टक्के रक्कम आली. हा ‘अ’ वर्ग. त्याची गणती दर आठवड्यास करून वहीशी ताळा घ्यावा. पुढील 10 जिनसा ‘ब’, महिन्यास एकदा. उरलेल्या 27 ‘क’, तिमाहीस एकदा. गणत्या झाल्या केवळ 384.

वेलदोड्याचा किलोचा भाव 2,500 पाहून त्यास ‘अ’मध्ये घालण्याचा मोह होतो. पण वर्षास 10 किलोच खपत असेल, तर रक्कम 25,000 म्हणजे अर्धा टक्का, तो ‘क’च. मात्र तो खिशात मावतो, म्हणून कुलपात ठेवावा. रव्याचेही तसेच: रक्कम अल्प असली तरी पावसाळ्यात त्यास कीड लागते, तेव्हा तो आठवड्यास पाहावाच लागतो. नाशवंतपणा ही यादी जाणत नाही. भावही पालटतात, म्हणून दिवाळीस वह्या बदलताना वर्ग नव्याने पाडावेत.