पीएच मीटरचा आकडा सरकत का राहतो?

प्रश्न : आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत मीटर रोज बफरवर लावतो, तरी दुधाचा पीएच स्थिर दाखवत नाही. मीटर बिघडला आहे का?

उत्तर : मीटरपेक्षा इलेक्ट्रोडवर माझा संशय जास्त आहे. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि 25 अंशांवरच्या दोन ताज्या बफरमध्ये वाचन घ्या. समजा, 7.00 च्या बफरला 6 आणि 4.01 ला 168 आले. फरक 162, त्याला 2.99 ने भागले की उतार सुमारे 54 मिलिव्होल्ट प्रति पीएच. आदर्श उतार 59.16, म्हणजे तुमचा जेमतेम 92 टक्के. 95 च्या खाली गेला की इलेक्ट्रोड साफ करायलाच हवा.

दुधातली प्रथिने इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र जोडावर बसतात आणि आकडा सरकत राहतो. पेप्सिन घातलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर बुडवा, धुवा, मग पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात कधीही ठेवू नका. भरणछिद्र असेल तर मोजताना ते उघडे हवे.

मीटरची तापमान-दुरुस्ती फक्त उतार सुधारते. तापमानाने दुधाचा स्वतःचा पीएच बदलतो, तो नाही. म्हणून बफर आणि दूध एकाच तापमानाला आणूनच मोजा.