चेन्नईचा साबुकंद: चाळीस रुपयांचा कंद ताटात कितीला पडतो?

उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो सेलमच्या कारखान्यांत जातो, तसाच चेन्नईच्या भाजीबाजारातही मिळतो. इथे त्याला मरवळ्ळी किळंगु किंवा कुच्ची किळंगु म्हणतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेले लोक तो रताळ्यासारखा भाजायला जातात. ते करू नका.

या कंदात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कंद चिरला की त्यातलंच एक एन्झाइम त्याला फोडतं आणि विषारी सायनाइड वायू सुटतो. तो पाण्यात आणि हवेत निघून जातो, म्हणजे चिरणं आणि भिजवणं आपल्याच फायद्याचं. पण मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर उष्णतेने एन्झाइम आधी निकामी होतं आणि न फुटलेलं लिनामारिन आतच राहतं. भाजण्या-तळण्यातही तेच होतं.

घेताना विक्रेत्याला टोक मोडून दाखवायला सांगा. कटकन मोडावं, आत पांढरंशुभ्र हवं. निळसर-काळ्या रेषा दिसल्या तर कंद शिळा आहे. काढल्यानंतर दोन-तीन दिवसांतच तो असा होतो. म्हणून आठवड्याचा साठा करू नका.

वरची तपकिरी साल खरवडून भागत नाही. तिच्याखाली गुलाबी-पांढरी जाड साल असते, विष तिथे सर्वांत जास्त. उभा छेद देऊन सुरीचं टोक आत सरकवा आणि फिरवा, दोन्ही साली एकदम सुटतात. मग इंच-इंचाचे तुकडे करा, मधली दोरी काढा आणि भरपूर पाण्यात तीन-चार तास ठेवा. मध्ये एकदा पाणी बदला. नंतर नवं गार पाणी, तेही तुकडे बुडून वर चार बोटं राहील इतकं घालून, झाकण न ठेवता अर्धा ते पाऊण तास उकळा. कुकरमध्ये वाफवलं तर वेळ वाचतो, पण पाणी टाकून द्यायची सोय जाते.

आता खर्च. भाव रोज हलतो. हिशेबाला किलोला ४० रुपये धरू. साल, देठ, दोरी गेल्यावर हाती साधारण ७५० ग्रॅम येतं. पाऊण तासाला गॅस अंदाजे १०० ग्रॅम लागतो, १४.२ किलोचं सिलिंडर ९०० रुपयांचं धरलं तर सहा रुपये झाले. म्हणजे ४६ रुपयांत तिघांचं पोटभर, माणशी पंधरा रुपये. खोबरं, मिरची, कढीपत्त्याची फोडणी वेगळी. स्वस्तच आहे, खरी किंमत वेळेची, कारण सकाळी चिरलं तर दुपारी ताटात.

शिजल्यावर एक तुकडा चाखा. कडू लागला तर सगळं टाकून द्या, पुन्हा उकळत बसू नका. मात्र कडू नाही म्हणजे कच्चं चालतं, असंही नाही. खाल्ल्यावर गरगरलं, डोकं दुखलं, उलटी झाली, तर घरगुती उपाय न करता थेट इस्पितळ गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. आणि उकळलेलं पाणी आमटीत घालू नका, मोरीत ओता.