बोर्ड जमिनीवर, बाळही जमिनीवर

बाळ रांगायला लागलं की दोन-चार दिवसांत घराची जमीन त्याच्या ताब्यात जाते. सोफ्याखाली, टीव्हीच्या मागे, दिवाणाच्या कोपऱ्यात, जिथे आपला झाडू आठवड्यातून एकदा जातो तिथे ते रोज जातं. सापडलेली प्रत्येक गोष्ट आधी तोंडात घालतं. हात लाळेने ओले असतात, दुपटं किंवा लंगोट ओला असतो, आणि ओल्या त्वचेतून करंट कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी सहज शिरतो. म्हणून आज तुमच्याशी मला फक्त या जमिनीवरच्या विजेबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल.

भिंतीतल्या सॉकेटची भीती आपल्याला निदान वाटते तरी. बाळ तिकडे वळलं की आपण ओरडतो. बोर्डाची भीती वाटत नाही, कारण तो रोज पायात येतो. शिवाय त्यावर बटन असतं, त्यामुळे मनाची समजूत पटकन पटते.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला भाचीकडे गेले होते. मुलगी नऊ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली. हॉलमध्ये कुलर, टेबल फॅन आणि मोबाइलचे चार्जर, सगळं एकाच बोर्डावर, आणि बोर्ड गादीच्या कडेला. मी म्हटलं, हा इथून हलव. ती म्हणाली, "मावशी, बटन बंदच असतं की." त्या बोर्डाची पिन दोन काड्यांची होती. मी टेस्टर मागून घेतला, बटन बंद ठेवलं आणि भोकात टेस्टर घातला. दिवा लागला. मग भिंतीतून पिन काढून उलटी फिरवून लावली, आणि त्याच भोकातला दिवा विझला.

यामागचं कारण साधं आहे. भिंतीच्या सॉकेटकडे समोरून पाहिलं, तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं आणि डावं न्यूट्रलचं. करंट फेजमधून येतो, म्हणून बटनाने फेजच तोडायला हवा. तीन काड्यांची पिन एकाच बाजूने बसते, त्यामुळे जोडणी बरोबर असेल तर बटन फेज तोडतं. दोन काड्यांची पिन मात्र दोन्ही बाजूंनी बसते. ती उलटी बसली की बोर्डावरचं बटन न्यूट्रल तोडतं, पंखा बंद होतो, आपण निर्धास्त होतो आणि भोकात मात्र 230 व्होल्ट तसेच उभे असतात. कधी कधी भिंतीतल्या बोर्डाचं वायरिंगही उलटं केलेलं असतं. तिथेही बटन बंद करून उजव्या-डाव्या दोन्ही भोकांत टेस्टर लावून बघायला हवं. दिवा लागला तर वायरमनला बोलावून ते काम त्याच्याकडूनच नीट करून घ्या. भाचीच्या घरी आम्ही दोन काड्यांचा बोर्ड काढूनच टाकला, कारण त्यात अर्थिंगची वायरच नव्हती आणि पत्र्याचा कुलर त्यावर चालत होता. कुलरची बॉडी पत्र्याची, आत पाणी, आत पंप. वायरचं आवरण कुठे सोललं तर करंट पत्र्यावर उतरतो, आणि उभं राहायला शिकणारं बाळ त्याच पत्र्याला धरून उठतं. कुलर तीन काड्यांच्या पिनेने थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा.

नवा बोर्ड घेताना भोकांना आतून झडपा आहेत का ते पाहा. त्यांना शटर म्हणतात. नुसती एक काडी किंवा हेअरपिन घातली तर शटर उघडत नाही. सगळ्या प्रकारच्या पिना बसतात अशी जाहिरात करणाऱ्या स्वस्त बोर्डांची भोकं रुंद असतात आणि पुष्कळदा आत झडप नसते. प्लॅस्टिकची बुचं बाजारात मिळतात, पण माझा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही. सैल बूच बाळ उपटतं आणि तेच तोंडात घालतं. शिवाय आपण पिन लावताना बूच काढून जमिनीवर ठेवतो आणि विसरतो. बोर्ड भिंतीवर, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर स्क्रूने बसवा आणि वायर केसिंग पट्टीतून न्या. सतरंजीखालून वायर नेऊ नका. तिथे ती तुडवली जाते, आवरण फाटतं आणि कुणाला दिसत नाही.

आता चार्जर. ऑगस्ट 2023 मध्ये गोव्याच्या सीमेजवळ, कारवार तालुक्यात, आठ महिन्यांचं बाळ बटन चालू राहिलेल्या चार्जरच्या वायरचं टोक तोंडात घातल्याने दगावलं. चार्जर नीट असेल तर त्या टोकाला जेमतेम पाच व्होल्ट असतात. पण चार्जरच्या आतलं आवरण खराब झालं तर घरातली सगळी वीज त्या टोकापर्यंत पोहोचू शकते, आणि बाहेरून ते कळत नाही. मोबाइल काढला की चार्जरही भिंतीतून काढून कपाटात ठेवायचा. हा नियम आजी-आजोबांपासून सगळ्यांनी पाळायला हवा.

बरेच जण म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. तो सहा, दहा किंवा सोळा अँपिअरच्या वर गेल्यावर पडतो, आणि माणसाच्या हृदयाचा ताल बिघडायला एका अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो. शरीरातून जमिनीकडे गळणारा करंट ओळखून तोडतो तो आरसीसीबी. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्या. त्यावर 'टी' लिहिलेलं बटन असतं. ते दर महिन्याला दाबा, खटका पडला नाही तर तो बदला. मात्र बाळाने वायर चावली आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोंडातच एकत्र आले, तर करंट जमिनीकडे गळत नाही आणि आरसीसीबीला काही कळत नाही. म्हणून तो असला तरी जमिनीवर वायर नको.

पंख्याबद्दल थोडंच सांगते. टेबल फॅनची जाळी मोठ्यांच्या बोटांच्या मापाची असते, बाळाचं बोट आत जातं. वायर ओढली की अख्खा पंखा अंगावर येतो. शक्य असेल तर भिंतीवरचा पंखा घ्या. आणि छताचा पंखा चालू असताना त्याखाली बाळाला वर उडवून खेळवू नका, खाटेवर उभं राहून तर मुळीच नको.

आणि शॉक लागलाच तर? बाळाला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने वायर दूर करा. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करा, आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. बाळ रडून शांत झालं, बरं दिसलं, तरी दवाखान्यात न्या. वायर चावून ओठाचा कोपरा भाजला असेल तर विशेष जपा. तिथे पांढरट-करडा डाग दिसतो, दुखतही फारसं नाही, पण खपली सुटताना, म्हणजे साधारण पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत, ओठातली रक्तवाहिनी फुटून अचानक भळाभळा रक्त येऊ शकतं. तसं झालं तर स्वच्छ कापडाने ओठ आतून-बाहेरून दोन बोटांत घट्ट दाबून धरा आणि तसेच दवाखान्यात जा. त्या दोन आठवड्यांत बाळाला रात्री एकटं झोपवू नका.