न फुटलेलं बेसिन

आस्वानच्या हॉटेलाचं बिल मी पहाटे साडेतीनला भरलं, आणि भरताना वाचलं नाही. अबू सिंबेलला जाणारी गाडी चारला निघणार होती, पुढे वाळवंटातून सुमारे २८० किलोमीटरचा रस्ता. आमचे हे बाहेर बॅगा मोजत होते. काउंटरवरच्या पोराने छापील फॉर्मवर अरबीत हाताने भरलेलं बिल पुढे सरकवलं. मी कार्ड दिलं, पिवळ्या दिव्याखाली बिलाचा एक फोटो काढला आणि निघाले. फोटोत माझा अंगठाही आला आहे. मूळ कागद अबू सिंबेल आणि लक्सर यांच्यामध्ये कुठेतरी राहिला. बँकेत एकतीस वर्षं काउंटर सांभाळलेल्या बाईने हे करावं, म्हणून हा कबुलीजबाब.

खोलीचे पैसे आधीच भरलेले होते, त्यामुळे बिल फक्त वरखर्चाचं होतं. संध्याकाळी लक्सरला मोबाइलवर त्या फोटोचं भाषांतर केलं. मूळ अक्षरं पुसून त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं बसवणारी सोय असते, तीच वापरली. चार ओळी उमटल्या: रात्रीचं जेवण ७५०, कपडे धुणं २५०, रात्रीचं जेवण ५००, वॉश बेसिन २५०. सगळे आकडे इजिप्शियन पौंडांत. खाली १२ टक्के सेवा आकार आणि १४ टक्के कर.

"बेसिनचे अडीचशे?" हे म्हणाले, "अगं, त्यावर वाकून तू मोजे धूत होतीस, तेव्हा तडा गेला नाही ना?"

तडा गेला नव्हता. मला राग आला, आणि रागाच्या जोडीला गणित आलं. बँकेच्या मेसेजमध्ये कार्डावरून गेलेली रक्कम आपल्या ओळखीच्या आकड्यांत होती: २४८९.७६ पौंड. तिथे सेवा आकार मूळ रकमेवर आणि कर त्या दोन्हींच्या बेरजेवर लागला होता, म्हणजे १०० चे ११२ आणि त्यावर १४ टक्के धरून १२७.६८ होतात. उलटा भागाकार केला तर मूळ बेरीज १९५० निघाली. पण चार ओळींची बेरीज १७५० येत होती. दोनशे पौंड जास्त लावले, हे मी सिद्धच केलं.

त्याच रात्री मॅनेजरला पत्र गेलं. ते मराठीत लिहून मोबाइलवरच अरबी केलेलं. आम्ही बेसिन फोडलेलं नाही, बेरीज दोनशेने चुकलेली आहे, पर्यटकांना फसवणं शोभत नाही, वगैरे. सोबत भाषांतरित फोटो जोडला, कारण तोच मला वाचता येत होता.

उत्तर तीन ओळींचं आलं: बेसिनचा आकार आम्ही लावत नाही, बेरीज बरोबर आहे, कृपया कोणत्या ओळीबद्दल म्हणता ते कळवा. मी फोन लावला. हिशेब, तारीख, खर्च हे शब्द आपल्याकडे अरबीतूनच आले, तेव्हा "तक्रार, तक्रार" म्हटलं की कळेल असा माझा समज. पलीकडच्या माणसाने आपलं आधीचं वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं. मी पुन्हा "तक्रार" म्हटलं, त्याने तिसऱ्यांदा म्हटलं. अरबीत तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. गाऱ्हाण्याला तिथे शकवा म्हणतात.

पुण्यात आमच्या इमारतीत एक सुदानी विद्यार्थी भाड्याने राहतो. त्याला मी भाषांतरित फोटो दाखवला. त्याने तो बाजूला सारला. "आंटी, यात बिल कुठे आहे? मूळ फोटो द्या." माझी पहिली चूक त्या वाक्यात होती. भाषांतर चिकटवलेल्या फोटोत मूळ अक्षरं झाकली जातात. मॅनेजरसमोर त्याच्याच हॉटेलाचं बिल होतं, पण त्याला वाचता येईल अशी एकही ओळ त्यावर उरलेली नव्हती.

मग आम्ही आकड्यांकडे वळलो. इजिप्तमध्ये हाती लिहिलेल्या बिलात इंग्रजी आकडे क्वचितच भेटतात, त्यांचे स्वतःचे आकडे वेगळे आहेत. आपल्या डोळ्याला शून्य वाटतं तो त्यांचा पाच, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. एवढं मी प्रवासाआधी पाठ केलं होतं. दोन आणि तीनचा घोळ मात्र मला कोणी सांगितला नव्हता. छापील दोनला उभ्या काठीच्या डोक्यावर एक खळगा असतो, तीनला दोन. हाताने लिहिताना मात्र इजिप्तमध्ये दोनचा खळगा सपाट होऊन नुसती वाकलेली काठी उरते, आणि तीनला एकच खळगा राहतो. म्हणजे हाताने लिहिलेला तीन हुबेहूब छापील दोनसारखा दिसतो. मोबाइल छापील वळणावर वाचत होता.

मी म्हटलं, मग हा दोन की तीन हे ठरवायचं कसं? त्याने बिलाच्या डोक्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. तिथे त्याच हाताने २०२५ लिहिलं होतं. वर्ष आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे त्या लेखनिकाचा दोन, शून्य आणि पाच कसा असतो याचा नमुना तिथेच मिळतो. मी ते वर्ष वाचलंच नव्हतं, कारण ते मला ठाऊक होतं. त्यातले दोन्ही दोन सपाट, बिनखळग्याचे होते. धुण्याच्या ओळीतल्या आकड्याला मात्र खळगा होता. ते २५० नव्हते, ३५० होते. बेसिनचेही ३५०. बेरीज बरोबर १९५०. माझे सिद्ध झालेले दोनशे पौंड तिथेच संपले.

आता बेसिन. मूळ शब्द होता मग्सला. त्याचा एक अर्थ हात धुण्याचं बेसिन, दुसरा लाँड्री. वरच्या ओळीतला शब्द गसील, म्हणजे धुणं. दोन्ही एकाच धातूचे, आपल्याकडे गुसल म्हणतात त्यातलेच. विद्यार्थ्याने विचारलं, "आंटी, कपडे किती वेळा दिले होते?" एकदाच. एकच धुणं दोन शब्दांनी दोनदा चढलं होतं. दोन ओळी, सारखाच आकडा, वेगळं नाव. भाषांतराने नावं आणखी दूर नेली, त्यामुळे खरी चूक मला दिसलीच नाही आणि नसलेल्या दोन चुकांवर मी पत्र लिहून बसले. अशा बिलात सारख्या रकमा आधी शोधाव्यात, नावं नंतर वाचावीत.

दुसरं पत्र लिहिताना मागायची रक्कम ठरवायला वेळ लागला. ३५० परत मागणं चुकीचं झालं असतं, कारण त्यांच्यावर सेवा आकार आणि करही गेला होता. धुणं एकदाच धरलं तर मूळ बेरीज १६००, सेवा आकारासह १७९२, करासह २०४२.८८. आम्ही भरले २४८९.७६. फरक ४४६.८८ पौंडांचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसातशे रुपयांच्या आसपास. रक्कम अशी पैशापर्यंत सांगितली की समोरच्याला पुन्हा हिशेब मांडावा लागत नाही, त्याला फक्त ताळा बघायचा असतो.

जोडपत्रांत पहिला आला मूळ फोटो, काहीही न चिकटवलेला. वरचा अनुक्रमांक आणि खालचा शिक्का दोन्ही दिसतील असा सरळ केला, अंगठा तसाच राहिला. दुसरी त्याच फोटोची प्रत, चार ओळींना लाल पेनाने १ ते ४ क्रमांक घातलेली. क्रमांक उजव्या कडेला घातले, कारण तिथे वस्तूचं नाव उजवीकडे आणि रक्कम डावीकडे असते, वाचणारा उजवीकडून सुरुवात करतो. तिसरा एक तक्ता: क्रमांक, अरबी शब्द जसाच्या तसा, त्याचा आम्ही लावलेला अर्थ, रक्कम त्यांच्या आणि आपल्या अशा दोन्ही आकड्यांत. आमचं वाचन कुठे चुकलं असेल तर ते त्या तक्त्यात बोट ठेवून दाखवता यावं, एवढाच त्याचा उपयोग. शेवटी बँकेचा मेसेज, कार्डाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकून.

पत्र विद्यार्थ्याने अरबीत लिहिलं. मथळा: "अस्सय्यिद मुदीर अल्-फुंदुक अल्-मुहतरम", हॉटेलचे माननीय व्यवस्थापक. मग "तहिय्या तय्यिबा, व बअद", हा तिथल्या औपचारिक पत्रांचा ठरलेला प्रारंभ, आपल्या 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' सारखा. माझ्या पहिल्या पत्रात यातलं काहीच नव्हतं, ते थेट बेसिनवर आदळलं होतं. पुढचा मजकूर मराठीत असा:

"माझ्या पहिल्या पत्रात मी आपले आकडे चुकीचे वाचले. बेसिन आणि बेरीज यांबद्दलचं म्हणणं मी मागे घेते. सोबतच्या प्रतीवर ओळ २ आणि ओळ ४ मध्ये लाँड्रीचे ३५० पौंड दोनदा लागलेले दिसतात. आम्ही कपडे फक्त १२ फेब्रुवारीच्या रात्री, एकदाच दिले. आपल्या लाँड्रीच्या चिठ्ठ्या तपासून पाहाव्यात. नोंद दोनदा झाली असल्यास ४४६.८८ पौंड त्याच कार्डावर परत करावेत."

'फसवणूक' हा शब्द मी घालायला सांगत होते. त्याने ऐकलं नाही. त्याच्या जागी त्याने 'मुकर्रर' लिहिलं, पुन्हा आलेली नोंद. मैफलीत शेर परत ऐकायचा असला की म्हणतात तोच शब्द, आणि माझ्या फोनवरच्या त्या 'तक्रार'चा सख्खा भाऊ. म्हणजे लक्सरहून मी ओरडत होते तो शब्द अगदी चुकीचा नव्हता, फक्त मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

पत्र मागे घेण्याची ती दोन वाक्यं लिहिताना हात जड झाला, हे खरं. पण ती नसती तर मॅनेजरने दुसरं पत्र पहिल्याच्याच फाइलला लावलं असतं. त्याला दोन पत्रांतून तीन आरोप दिसले असते, त्यातले दोन खोटे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत लाँड्रीच्या चिठ्ठीचा फोटो. चिठ्ठी एकच होती. दिवसपाळीच्या माणसाने ती गसील म्हणून चढवली, रात्रपाळीच्या पोराने तीच चिठ्ठी खणात पाहून मग्सला म्हणून पुन्हा चढवली. पैसे अकरा दिवसांनी कार्डावर जमा झाले, रुपयांत थोडे कमी, कारण जाताना आणि येताना विनिमयाचा भाव वेगळा लागला. त्यासाठी मी कोणाला पत्र लिहिलं नाही.

मॅनेजरच्या उत्तराची शेवटची ओळ विद्यार्थ्याने वाचली आणि हसत सुटला. "आंटी, ते लिहितात, खोलीतलं बेसिन आम्ही जाऊन पाहिलं. अल्हम्दुलिल्लाह, ते सुखरूप आहे."