चौदा किलो, चौदा मिली; पण बाटली कोणती?

दाताच्या डॉक्टरांकडे जाताना आपण घाईत असतो. रजा अर्ध्या दिवसाची, पोर रडवेलं. त्यात हृदयाची फाइल कपाटात वरच्या खणात. मग वाटतं, दातच तर काढायचाय, हृदयाचं काय सांगायचं? कधी हेही मनात येतं की सांगितलं तर ते दात काढायलाच नकार देतील.

तरी आधी सांगाच. आमच्या चार वर्षांच्या मुलाला फॅलोट्स टेट्रालॉजी आहे. तान्हा असताना शंट बसवला, मोठं ऑपरेशन अजून व्हायचंय. दाढ किडली, काढायची ठरली, तेव्हा दंतवैद्यांनी थेट त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ठरलं ते असं: दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिनचा एकच डोस, किलोमागे पन्नास मिलिग्रॅम.

कारण साधं आहे. दात उपटताना हिरडीतले जंतू थोडा वेळ रक्तात शिरतात. निरोगी हृदयातून ते निघून जातात. पण कृत्रिम झडप, शंट किंवा दुरुस्त न झालेला दोष असेल, तर तिथे ते चिकटून हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग होऊ शकतो. नेमक्या त्या वेळी रक्तात औषध भरपूर हवं, म्हणून डोस एकच आणि मोठा.

आता हिशेब. आपण सगळे वजन अंदाजाने सांगतो, ‘असेल तेरा-चौदा.’ फाइलमध्ये साडेबारा लिहिलेलं होतं, तेही गेल्या वर्षीचं. त्या दिवशी काट्यावर चौदा भरलं. चौदा गुणिले पन्नास, म्हणजे ७०० मिलिग्रॅम. आमच्या बाटलीवर ‘५ मिलीत २५० मिलिग्रॅम’ होतं, म्हणजे एका मिलीत पन्नास. म्हणून चौदा किलोला चौदा मिली. किती सोपं!

पण हे सोपेपणच फसवतं. दुकानात ‘५ मिलीत १२५’ची बाटलीही मिळते. तीच चौदा मिली दिली, तर डोस निम्माच जातो. तिच्यातून अठ्ठावीस मिली लागतात. म्हणून मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि बाटलीवरचा आकडा त्यांना दाखवा. मूल कितीही मोठं असलं तरी डोस दोन ग्रॅमच्या वर जात नाही.

चौदा मिली म्हटल्यावर माझ्याही पोटात गोळा आला. एरवी खोकल्याला चमचाभर देतो आपण! मग वाटतं, थोडं थोडं करून दिवसभर देऊ. तसं करू नका, सगळं एकाच वेळी द्यायचं. सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, चहाच्या चमच्याने नको. मागच्या तापातली उरलेली बाटली तर नकोच; पाणी घातलेलं औषध फार दिवस टिकत नाही. ‘क्लॅव्हुलॅनिक’ जोडलेलं औषध कुणी ‘सारखंच आहे’ म्हणून दिलं, तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. उलटी झाली तर मनानेच पुन्हा पाजू नका, त्यांना कळवा. गडबडीत डोस राहूनच गेला, तर काम झाल्यावर दोन तासांपर्यंत देता येतो, पण हेही त्यांनाच विचारून.

पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, किंवा मूल आधीच पेनिसिलिनच्या गोळ्या वा इंजेक्शनवर असेल, तर आधी बोला. मग औषधच वेगळं निवडतात.

आणि हृदयाला छिद्र आहे म्हणून प्रत्येकाला हे लागत नाही. ऑपरेशन न केलेल्या लहान छिद्राला लागत नाही. पॅच किंवा उपकरणाने छिद्र पूर्ण बंद केलं असेल, तर पहिले सहा महिने लागतं. दुधाचा दात आपोआप पडला, क्ष-किरण काढला, तर काहीच नको. हिरडी किंवा दाताचं मूळ दुखावणारं काम असेल तरच. उगाच अँटिबायोटिक देऊन पोट बिघडवण्यात अर्थ नाही. खरं तर रोज घासताना रक्त येणारी हिरडी वारंवार जंतू आत पाठवते, म्हणून रात्रीचा ब्रश आम्ही टाळत नाही, मुलगा पेंगुळलेला असला तरी.

पोराला काय सांगायचं? ‘दुखणार नाही’ असं मी म्हटलं नाही. ‘आधी गोड औषध, मग टोचल्यासारखं होईल, मग दात बाहेर,’ एवढंच सांगितलं. आमचा मुलगा रडला की ओठ निळे पडतात, म्हणून असं आधीच खरं सांगून ठेवणं मला जास्त मोलाचं वाटतं. डोस घरीच पाजायचा की दवाखान्यात, हेही आधी ठरवा. खुर्चीत बसायला उशीर होणार असेल तर तिथेच पाजलेलं बरं.

पुढचे काही आठवडे एका गोष्टीवर लक्ष ठेवा. सर्दी-खोकला नसताना ताप रेंगाळला, मूल मलूल झालं, जेवेना, तर नेहमीचं अँटिबायोटिक सुरू करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांना रक्ताचा कल्चर घ्यायचा असतो आणि औषधाचे दोन-तीन डोस पोटात गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं.