बारापैकी एक शब्द पुसला गेला, तर?

प्रश्न : मिचौंग चक्रीवादळात (डिसेंबर २०२३) आमच्या वेळाचेरीतल्या घरात पाणी शिरलं. डिजिटल वॉलेटचे १२ शब्द लिहिलेला कागद भिजला. सातवा शब्द वाचता येत नाही. वॉलेटचा फोनही बिघडला. काही उपाय?
– एक वाचक, चेन्नई

उत्तर : आहे. आधी कागद भिंगाखाली धरा. BIP39 यादीतल्या २०४८ शब्दांत पहिली चार अक्षरं कुठंच जुळत नाहीत, त्यामुळे तेवढी दिसली तरी शब्द ठरतो. काहीच दिसलं नाही, तर प्रत्येक शब्द सातव्या जागी घालून पाहायचा. बारा शब्दांत ४ बिटांची पडताळणी दडलेली असते. तीत साधारण १२८ पर्यायच टिकतात. प्रत्येकाचा पत्ता काढून तुमच्या जुन्या पत्त्याशी ताडायचा. हे काम इंटरनेट तोडलेल्या संगणकावरच करा. ‘रिकव्हरी’वाल्यांना शब्द सांगणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं.

शब्द बरोबर असूनही वॉलेट रिकामं दिसेल, तर घाबरू नका. त्याच शब्दांतून किल्ल्यांच्या अनेक शाखा फुटतात. बिटकॉइनचं जुनं वॉलेट `m/44'/0'/0'` या वाटेनं जातं, नवं बहुधा `m/84'/0'/0'` नं. वाट बदलून पाहा. मात्र वेगळा पासफ्रेज लावला असेल आणि तो विसरला असाल, तर ही युक्ती चालत नाही. चुकीचा पासफ्रेजही निमूटपणे रिकामं वॉलेट उघडतो.

पुढे नवं वॉलेट काढाल, तेव्हा त्याचे शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरा, वाट शेजारी लिहा आणि एक प्रत दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर ठेवा.