वायर कुठे सोलली?

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली. रात्री जिंतूर रस्त्याने यावे लागते, कंपनीच्या दिव्यांत दिसत नाही. बाजारातला फिटर 100/90 वॅटचे बल्ब आणि दोन जादा दिवे बसवून देतो म्हणतो. शोरूमवाले सांगतात, बाहेरचे काही लावले की वॉरंटी गेली आणि विमाही गेला. खरे काय?
— एक वाचक, मानवत

उत्तर : शोरूमवाल्याचे निम्मे खरे आहे. वस्तू कोणाकडून घेतली, यापेक्षा ती बसवताना गाडीची वायर कापली की नाही, हे पाहायला हवे.

तुमचा बल्बच घ्या. अनेक गाड्यांत 60/55 वॅटचा एच-4 बल्ब असतो. 12 व्होल्टवर 55 वॅटला साधारण 4.6 अँपियर लागतात, 90 वॅटला 7.5. अशा दिव्याच्या मागे बहुधा 10 अँपियरचा फ्यूज असतो, म्हणजे तो उडणारच नाही. गोम इथेच आहे. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून दीडपटीहून थोडा जास्त करंट गेला तरी उष्णता जवळजवळ पावणेतीनपट होते. दिवा मस्त लागतो, गाडी मस्त चालते आणि आत बल्बचा प्लास्टिकचा होल्डर हळूहळू भाजत राहतो. परभणीच्या मे महिन्यात तर बॉनेटखाली आधीच भट्टी असते. महिन्या-दोन महिन्यांनी होल्डर काढून पाहा. पांढरे प्लास्टिक तपकिरी झाले असेल, जळका वास येत असेल, तर तोच पुरावा समजा.

जादा दिव्यांचे दुखणे वेगळे. घाईतला फिटर हेडलाइटची वायर सोलतो, दुसरी तिला पीळ मारून जोडतो आणि वर टेप गुंडाळतो. टेपचा डिंक उन्हाने सुटतो, जोड उघडा पडतो. नीट काम म्हणजे बॅटरीवरून वेगळी वायर, बॅटरीजवळच वेगळा फ्यूज आणि रिले, म्हणजे मूळ स्विचवर भार येत नाही. गाडीच्या कपलरमध्ये आयता बसणारा संच मिळाला तर सर्वात उत्तम. शोरूमची ॲक्सेसरी महाग पडते ती बऱ्याचदा याच कपलरसाठी आणि जॉबकार्डावरच्या नोंदीसाठी. सीट कव्हर, पायपुसण्या मात्र खुशाल बाजारातून घ्या. तिथे शोरूमचा दर मला तरी पटत नाही.

आता वॉरंटी. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात दंड ठोठावला. त्याच आदेशात म्हटले होते की, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे कंपन्या अपिलात गेल्या, पण युक्तिवाद म्हणून मुद्दा तुमच्या कामाचा आहे. होल्डर वितळला तर वायरिंगचा दावा विसरा. पण त्याच बल्बचे नाव सांगून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली, तर बल्बने गिअरबॉक्स कसा बिघडला, याचे कारण लेखी मागा. तोंडी 'वॉरंटी गेली' घेऊन परत येऊ नका.

विम्यात गंमत अशी की पॅकेज पॉलिसीच्या प्रमाणित मसुद्यात आगीबरोबर गाडी आपोआप पेटण्याचेही संरक्षण असते. पण त्याच पॉलिसीत गाडी सुस्थितीत ठेवण्याची अटही असते. समजा तुमची गाडी पेटली आणि सर्वेअरला पीळ मारलेली वायर, तिथेच वितळलेले तांबे आणि अख्खा फ्यूज सापडला, तर तो अहवालात हेच लिहील आणि कंपनी त्या अटीवर बोट ठेवील. अट मोडली म्हणजे दावा शून्य होतोच असे नाही. गाडी भाड्याने चालवल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये 75 टक्के रक्कम द्यायला लावली होती. पण त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट, बाहेरून बसवलेला विजेचा दिवा किंवा म्युझिक सिस्टीम गाडीच्या विमा किमतीत धरलेली नसते. ती पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी लागते. जुन्या मोटार टॅरिफमध्ये यासाठी किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता होता. म्हणजे 15,000 रुपयांच्या सामानाला 600 रुपये आणि वर कर. बिल दाखवा, नोंद करून घ्या.

सीएनजी किट किंवा बॉडीतला बदल ही याहून जड बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली त्याची आरसीवर नोंद हवी, म्हणजे परभणीच्या आरटीओत आधी जावे लागेल आणि मग विमा कंपनीत.

तुम्ही 100/90 बसवू नका. आधी हेडलाइटची काच साफ करून दिव्याचा कोन तपासून घ्या. कोन खाली झुकलेला असला की 60/55 सुद्धा मिणमिणता वाटतो. तरी कमी पडले तर रिलेवरचे जादा दिवे लावा, आणि फिटर वायर सोलायला लागला की हात धरा.